305 माश्या आणि एक गाठ

1,339, 1,195, 151 आणि 154. बेरीज 2,839. हे फळमाश्यांचे आकडे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांमध्ये माश्या वाढवून, भिंगाखाली एकेक करून मोजल्या जात. हे आकडे त्याच मोजणीतले आहेत. अर्धगुणसूत्री विभाजन किंवा मायोसिस, म्हणजे अंडी आणि शुक्राणू तयार करणारं पेशीविभाजन, समजून घ्यायला मला आकृत्यांपेक्षा हे चार आकडे जास्त उपयोगी वाटतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

माश्यांमध्ये दोन गुण पाहिले होते. डोळ्याचा रंग नेहमीचा लाल किंवा जांभळा, आणि पंख नेहमीचे किंवा खुरटे. जांभळा डोळा आणि खुरटे पंख हे दबणारे गुण आहेत, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असतील तरच ते दिसतात. प्रयोगातल्या मादीला एका बाजूने 'लाल डोळा, नेहमीचे पंख' आणि दुसऱ्या बाजूने 'जांभळा डोळा, खुरटे पंख' असा वारसा मिळाला होता. तिची गाठ ज्या नराशी घातली, त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी फक्त दबणारेच गुण होते. यातली युक्ती अशी की नराकडून पिल्लाला काहीच 'दिसणारं' मिळत नाही. त्यामुळे पिल्लू जसं दिसेल तसं ते अंडं होतं, असं सरळ वाचता येतं. माशी मोजली की अंडं मोजलं.

आता दोन शक्यता धरून पाहू. डोळ्याचं जनुक एका गुणसूत्रावर आणि पंखाचं दुसऱ्याच गुणसूत्रावर असेल, तर दोन्ही आपापल्या वाटेने जातील आणि चारही प्रकारच्या माश्या सारख्या, प्रत्येकी साधारण 710 निघतील. उलट दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर असतील आणि गुणसूत्र अखंड जात असेल, तर आईला मिळालेल्या दोनच जोड्या पुढे जातील. लाल डोळा-खुरटे पंख किंवा जांभळा डोळा-नेहमीचे पंख अशी एकही माशी दिसता कामा नये.

प्रत्यक्षात आईसारख्या वारशाच्या माश्या 1,339 आणि 1,195 निघाल्या, तर उलटसुलट जोडीच्या 151 आणि 154. म्हणजे 305 माश्या अशा, ज्या अखंड गुणसूत्रातून येऊच शकत नाहीत, आणि स्वतंत्र वाटणी धरली तर फारच थोड्या ठरतात. टक्केवारी येते 10.7.

या 305 माश्या कुठून आल्या, हे पाहायला पेशीच्या आत जावं लागतं. चार दोरे घेऊन बसलात तर सोपं जाईल. मी वर्गात दोन लाल आणि दोन निळे लोकरीचे धागे वापरतो, आणि अजून तरी त्याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते. एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. त्यांना समजात गुणसूत्रं म्हणतात. त्यांच्यावर तीच जनुकं त्याच क्रमाने असतात, फक्त मजकुरात इकडेतिकडे फरक असतो. लाल धागा हे आईकडचं गुणसूत्र, निळा धागा वडिलांकडचं. विभाजन सुरू होण्याआधी पेशी सगळ्या डीएनएची नक्कल करून घेते, त्यामुळे लालचे दोन धागे होतात आणि निळ्याचेही दोन. हे जुळे धागे सुटे नसतात. कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या त्यांना लांबीभर एकमेकांना धरून ठेवतात. या कड्या लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्यांच्यावरच येऊन ठेपते.

यानंतर लाल जोडी आणि निळी जोडी शेजारी येऊन अंगाला अंग लावून बसतात. बहुतेक प्राण्यांत चार धाग्यांची ही मोळी फक्त मायोसिसमध्ये दिसते. साध्या पेशीविभाजनात लाल आणि निळं गुणसूत्र सहसा एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

आणि मग पेशी एक अजब गोष्ट करते. स्वतःचाच डीएनए कापते. एरवी डीएनएचे दोन्ही पदर तुटणं ही पेशीसाठी आणीबाणी असते. इथे मात्र एसपीओ-11 नावाचं प्रथिन मुद्दाम असे काप घालतं, आणि माणसाच्या एका पेशीत त्यांची संख्या शेकड्यांत जाते. कापलेलं टोक आपली दुरुस्ती करण्यासाठी नमुना शोधतं, आणि नमुना म्हणून शक्यतो शेजारच्या जोडीतला धागा, म्हणजे लालला निळा, निवडला जातो. बहुतेक काप त्या नमुन्यावरून थोडा मजकूर उतरवून घेऊन बुजतात आणि धागे होते तसेच वेगळे होतात. थोडेच काप वेगळ्या तऱ्हेने जुळतात. लाल धाग्याचा पुढचा भाग निळ्याला जोडला जातो आणि निळ्याचा लालला. हेच क्रॉसिंग ओव्हर.

अदलाबदल अगदी समोरासमोरच्या जागी होते, म्हणून कुणाचं जनुक हरवत नाही की कुणाकडे जास्तीचं येत नाही. फक्त कापाच्या अलीकडचा मजकूर एका घराण्याचा आणि पलीकडचा दुसऱ्या घराण्याचा होतो. आपल्या मादी माशीत डोळ्याचं आणि पंखाचं जनुक यांच्या मधोमध कुठेतरी असा सांधा पडला, की 'लाल डोळा-खुरटे पंख' आणि 'जांभळा डोळा-नेहमीचे पंख' असे दोन नवे धागे तयार. त्या धाग्यांपासून झालेल्या अंड्यांतून त्या 305 माश्या आल्या.

आता एक बारीक हिशेब, ज्यात चांगले विद्यार्थीही चुकतात. 10.7 टक्के माश्या नव्या जोडीच्या निघाल्या, म्हणजे 10.7 टक्के पेशींत अदलाबदल झाली, असं वाटतं. तसं नाही. एका सांध्यात चारपैकी दोनच धागे सामील होतात, एक लाल आणि एक निळा. उरलेला एक लाल आणि एक निळा होता तसाच राहतो. म्हणजे ज्या पेशीत या दोन जनुकांमध्ये अदलाबदल झाली, तिच्यातही निम्मे धागे जुनेच असतात. 100 पेशी धरा. त्यांतल्या 21-22 पेशींत इथे सांधा पडला असेल, तर 400 धाग्यांपैकी 42 ते 44 बदललेले निघतील, आणि हेच प्रमाण 10.7 टक्क्यांच्या आसपास येतं. माशीत चारपैकी एकच धागा अंड्यात जातो, पण कोणता जाईल हे नशिबावर असल्याने प्रमाण तेच राहतं.

यातूनच एक मर्यादा निघते. दोन जनुकं एकमेकांपासून इतकी लांब असली की त्यांच्यामध्ये प्रत्येक पेशीत हमखास सांधा पडतो, तरी नव्या जोड्या सरासरी 50 टक्क्यांपुढे जात नाहीत. आणि 50 टक्के म्हणजे चारही प्रकार सारखे. एकाच गुणसूत्राच्या दोन टोकांना बसलेली जनुकं म्हणूनच दोन वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यासारखी वागतात. नुसत्या मोजणीवरून तो फरक ओळखता येत नाही, मधल्या जनुकांची साखळी जुळवावी लागते.

मॉर्गन यांचा विद्यार्थी अल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने यातला दुसरा धागा पकडला. जनुकं जितकी लांब, तितकी त्यांच्यामध्ये सांधा पडण्याची संधी जास्त. मग टक्केवारी हेच अंतर का मानू नये? 1911 साली, अजून पदवीचा अभ्यास चालू असताना, त्याने एका रात्रीत गुणसूत्राचा पहिला नकाशा मांडला आणि 1913 साली तो प्रसिद्ध केला. त्या मापाचं नाव पुढे मॉर्गन यांच्यावरून सेंटिमॉर्गन पडलं. आपली दोन जनुकं या हिशेबाने 10.7 सेंटिमॉर्गनवर आहेत. खरं अंतर याहून थोडं जास्त भरतं, कारण दोघांच्या मध्ये दोनदा सांधा पडला तर दुसरा सांधा पहिल्याचं काम पुसू शकतो आणि अशी माशी आपण न बदललेल्यांत मोजतो.

प्रयोगात दोन्ही वारसे असलेली मादीच का घेतली, नर का नाही, हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं. फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही. हाच प्रयोग उलट करून पाहिला तर दोनच प्रकारच्या माश्या निघतात आणि उलटसुलट जोडी एकही नाही. नर माश्या तरीही सुखेनैव प्रजनन करतात. हा अपवाद जरा बाजूला ठेवू, त्याच्याकडे परत यायचं आहे.

पाठ्यपुस्तकात विविधतेची कारणं एकाखाली एक लिहिलेली असतात. क्रॉसिंग ओव्हर, आणि मग गुणसूत्रांची स्वतंत्र वाटणी. जणू दोन वेगळी खाती, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. माझी तक्रार याच यादीबद्दल आहे. बहुतेक प्राण्यांत पहिली गोष्ट झाली नाही तर दुसरी धड होतच नाही.

कसं ते पुन्हा धाग्यांवर पाहू. अदलाबदल झाल्यावर लाल आणि निळी जोडी एकमेकांपासून दूर सरकू लागते, पण पूर्ण सुटत नाही. जिथे सांधा पडला तिथे फुलीसारखी अडकून राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या फुलीला कायझ्मा म्हणतात. धागे मुळात अडकतात ते का? सांधा तर जुळून गेलेला असतो, तिथे काही बांधलेलं नसतं. इथे त्या कड्या कामाला येतात. लाल धाग्याचा जो शेंडा आता निळ्याला जोडलेला आहे, तो आपल्या जुळ्या लाल शेंड्याला अजून कोहेसिनच्या कड्यांनी धरून आहे. निळ्याचंही तसंच. म्हणून लाल जोडी वर ओढली आणि निळी खाली, तरी सांध्यापलीकडच्या कड्या त्यांना सुटू देत नाहीत. गाठ म्हणायची ती हीच. सांधा आणि त्याच्या पलीकडच्या कड्या मिळून ती होते.

ही गाठ का हवी? कारण पुढची पायरी ओढाताणीची आहे. पेशीच्या दोन ध्रुवांकडून तर्कुतंतू येतात आणि गुणसूत्रांना पकडतात. लाल जोडी एका ध्रुवाकडून आणि निळी दुसऱ्या ध्रुवाकडून धरली गेली, तर गाठीमुळे दोघांमध्ये ताण येतो, आणि हा ताणच पकड बरोबर असल्याची खूण असतो. दोघी एकाच ध्रुवाकडून धरल्या गेल्या तर ताण येत नाही. मग पेशी ती पकड सैल करते आणि पुन्हा प्रयत्न होतो. दोरीखेच चालू आहे हे दोरी ताठ असेल तरच कळतं. गाठच नसेल तर लाल आणि निळं ही दोन अनोळखी गुणसूत्रं असतात, आणि ती कुठल्याही ध्रुवाकडे जाऊ शकतात, दोघंही एकाच बाजूला सुद्धा.

नर माशीचा अपवाद इथे बसतो. तिथे सांधा पडत नाही, पण समजात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवायला वेगळीच प्रथिनं असतात. गाठ तीही मारतात, फक्त दुसऱ्या दोऱ्याने.

गाठ पक्की असली की स्वतंत्र वाटणीला काही वेगळी यंत्रणा लागत नाही. लाल वर जाईल की निळी, हे पहिली पकड कुणाची कशी बसली यावर ठरतं, आणि एका जोडीत काय झालं हे दुसऱ्या जोडीला माहीत नसतं. हे डोळ्यांनी पाहण्यात मोठी अडचण होती. जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सहसा हुबेहूब सारखी दिसतात. मग कोण कुठे गेलं हे ओळखायचं कसं? एलेनॉर कॅरोथर्स यांना नाकतोड्याच्या एका जातीत सोय सापडली. त्यात एका जोडीतली दोन गुणसूत्रं लहान-मोठी होती, आणि नरात एक्स गुणसूत्राला जोडीदारच नसतो. म्हणजे दोन खुणा आयत्या मिळाल्या. त्यांनी 300 पेशी मोजल्या. एकटं एक्स गुणसूत्र जवळपास निम्म्या वेळा मोठ्याबरोबर आणि निम्म्या वेळा लहानाबरोबर गेलेलं दिसलं. हा निष्कर्षही 1913 सालचाच.

माणसात अशा 23 जोड्या. प्रत्येक जोडीत दोन शक्यता, म्हणजे 2 चा 23 वा घात, 83,88,608. हा आकडा चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या इतका जवळ जातो की कुणीतरी दोन्हींचा संबंध जोडणारच. तो निव्वळ योगायोग आहे. फळमाशीच्या चार जोड्यांतून हाच हिशेब फक्त 16 येतो.

शिवाय 83 लाखांचा आकडा अखंड गुणसूत्रं धरून काढलेला आहे, आणि बरीच गुणसूत्रं अखंड जातच नाहीत. माणसाच्या वृषणातल्या पेशीत मायोसिसच्या वेळी साधारण 50 सांधे मोजता येतात. वर सांगितलेल्या निम्म्याच्या हिशेबाने त्यांतले 25-26 एका शुक्राणूत पोचतात. अंड्यात ही संख्या जास्त, 40 च्या आसपास. म्हणून मुलाला वडिलांकडून मिळालेलं एक नंबरचं गुणसूत्र हे सहसा पूर्ण आजोबांचंही नसतं आणि पूर्ण आजीचंही नसतं. त्यावर एक लांब पट्टा आजोबांचा, मग आजीचा, कदाचित पुन्हा आजोबांचा, असे मोजके मोठे तुकडे असतात. पत्ते पिसावेत तसा भुगा होत नाही. जवळजवळ असलेली जनुकं पिढ्यान्पिढ्या एकत्रच जातात. 'अगदी आजोबांवर गेलाय' म्हणताना कुणाच्या मनात हे नसतं, पण नातवात आजोबांचा वाटा बरोबर चौथाई नसतो. तो थोडा इकडेतिकडे होतोच, कारण कोणते पट्टे आले हे नशिबाचं असतं.

सांधे कुठेही, कितीही पडत नाहीत. एका सांध्याजवळ दुसरा सहसा पडत नाही, आणि गुणसूत्र कितीही लहान असलं तरी जोडीमागे किमान एक तरी पडावा अशी व्यवस्था असते. पेशीला नुसती सरमिसळ हवी असती तर या किमान एकाचं कारण काय, असा प्रश्न पडला असता. ते गाठीमुळे कळतं. याचं टोकाचं उदाहरण पुरुषातल्या एक्स आणि वाय गुणसूत्रांचं. ती दोघं बहुतेक लांबीत एकमेकांशी जुळत नाहीत. वायच्या एका टोकाला सुमारे 26 लाख अक्षरांचा तुकडा एक्सशी मिळताजुळता असतो, आणि जवळपास प्रत्येक पेशीत सांधा तेवढ्याच जागेत पडावा लागतो. तो चुकला तर एक्स आणि वाय एकाच शुक्राणूत जाऊ शकतात. तशा शुक्राणूपासून झालेल्या मुलात एक्सएक्सवाय अशी तीन लिंगगुणसूत्रं येतात. क्लाइनफेल्टर लक्षणसमूहाचं हे एक कारण आहे.

गाठ पडूनही चूक होऊ शकते, आणि ती जास्त करून अंड्यात होते. मायोसिसमध्ये पेशी एकामागून एक दोनदा विभागते. पहिल्या विभाजनात बाहूंवरच्या कड्या कापल्या जातात, गाठ सुटते आणि लाल जोडी निळ्या जोडीपासून वेगळी होते. गुणसूत्रबिंदूजवळच्या, म्हणजे तर्कुतंतू गुणसूत्राला जिथे पकडतात तिथल्या, कड्या मात्र तेव्हा राखल्या जातात, म्हणून जुळे धागे दुसऱ्या विभाजनापर्यंत एकत्र राहतात. त्या कड्या राखणाऱ्या प्रथिनाचं नाव शुगोशिन, जपानीत अर्थ रक्षक देवता. शुक्राणूत हे सगळं काही आठवड्यांत आटपतं. अंड्यात मात्र सांधे पडून झाल्यावर पेशी थांबते, आणि पहिलं विभाजन पुरं होतं ते अंडं सुटायच्या वेळी, म्हणजे कधी 15 वर्षांनी, कधी 40. तेवढी सगळी वर्षं गाठ त्याच कड्यांवर टिकून असते. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं की या कड्या नव्याने घातल्या जात नाहीत आणि वयाबरोबर विरळ होत जातात. सांधा अगदी शेंड्याजवळ असेल, तर पलीकडे मुळातच थोड्या कड्या असतात, आणि ती गाठ आधी निसटते.

21 क्रमांकाचं गुणसूत्र सगळ्यांत लहान, त्याच्यावर बहुधा एकच सांधा असतो. डाउन लक्षणसमूहात या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात आणि जास्तीची प्रत बहुतेक वेळा आईकडून आलेली असते. चूक कोणत्या टप्प्यावर झाली हेही शोधता येतं. आईकडून आलेल्या दोन प्रतींचा गुणसूत्रबिंदूजवळचा मजकूर पाहायचा. तिथे सांधे क्वचितच पडतात, त्यामुळे तो भाग मूळचा ओळखू येतो. दोन्ही प्रतींत तो वेगवेगळा असेल, म्हणजे एक लाल आणि एक निळी, तर पहिल्या विभाजनात जोडी सुटली नाही. दोन्हींत सारखाच असेल तर बहुधा दुसऱ्या विभाजनात जुळे धागे वेगळे झाले नाहीत. मग बिंदूपासून शेंड्याकडे वाचत गेलं की सांधा कुठे पडला होता, की पडलाच नव्हता, तेही दिसतं. पहिल्या विभाजनातल्या चुकांमध्ये बऱ्याचदा सांधा नसतो, किंवा असलाच तर शेंड्याला टेकलेला असतो.

त्या सांध्याची तारीखही सांगता येते. माणसात अंड्यांतले सांधे पडतात ते मुलगी गर्भात असतानाच. म्हणजे मुलाला आईकडून मिळालेल्या गुणसूत्रांवर आजीचा पट्टा कुठे संपतो आणि आजोबांचा कुठे सुरू होतो हे ठरलं, तेव्हा आई स्वतः त्याच आजीच्या पोटात होती.